पत्ता, वाट आणि ठरलेली उत्तरं: शॉर्टकटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात घरच्या दोन-चार खोल्या पाहुण्यांना देणारी बरीच मराठी कुटुंबं आहेत. त्यांचा दिवसातला मोठा वेळ तीच ती वाक्यं लिहिण्यात जातो: पत्ता, विमानतळावरून कसं यायचं, आगाऊ रक्कम कुठे भरायची. डिचोलीजवळ होमस्टे चालवणाऱ्या माझ्या मावसबहिणीला हे सगळं लावून दिलं, तेव्हा तिने आणि मग तिच्या शेजारपाजाऱ्यांनी जे प्रश्न विचारले, ते इथे उत्तरांसह दिले आहेत. दुकान, क्लास किंवा दवाखाना चालवणाऱ्यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल.

हा शॉर्टकट म्हणजे नेमकं काय?

दोन-तीन अक्षरं टाइप केली की त्यांच्या जागी तुम्ही आधी साठवून ठेवलेला पूर्ण मजकूर येतो. `qpm` लिहिलं की पत्ता हजर. फोनमध्ये ही सोय कीबोर्डमध्येच असते, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. विंडोजच्या कॉम्प्युटरवर मात्र एक छोटा प्रोग्राम टाकावा लागतो. त्याची माहिती पुढे आहे.

कोणती वाक्यं साठवायची, हे कसं ठरवू?

आठवून ठरवू नका. व्हॉट्सॲप उघडा, गेल्या महिन्यातल्या दहाएक पाहुण्यांशी झालेलं बोलणं वर सरकवत वाचा आणि तुम्ही पुन्हा पुन्हा लिहिलेलं एका कागदावर उतरवा. बहिणीच्या कागदावर उतरलं ते असं: मराठीत पत्ता, इंग्रजीत पत्ता, नकाशाची लिंक, विमानतळ आणि स्टेशनावरून यायची वाट, बँकेचे तपशील, आणि चवथीच्या दिवसांत खोल्या बंद असतात हा निरोप. एवढंच. पहिल्याच दिवशी तीस शॉर्टकट करून ठेवले तर त्यांतले पंचवीस लक्षात राहत नाहीत आणि माणूस परत हाताने लिहायला लागतो.

पत्त्यासाठी दोन शॉर्टकट कशाला? एकच पुरत नाही का?

गोव्यात पुरत नाही. आपण डिचोली म्हणतो आणि इंग्रजीत ते Bicholim होतं. साखळीचं Sanquelim, पेडण्याचं Pernem, फोंड्याचं Ponda होतं. घाईत आपण कधी Dicholi लिहितो, कधी Bicholim. कुरिअरवाला, टॅक्सीवाला आणि नकाशा शोधणारा पाहुणा या तिघांना तीन वेगळी गावं दिसतात. वीजबिलावर किंवा आधार कार्डावर जे इंग्रजी स्पेलिंग आहे, तेच एकदा नीट पाहून शॉर्टकटमध्ये भरा. पुढे ते बदलण्याचा प्रश्नच येत नाही.

गावातल्या पत्त्यात रस्त्याच्या नावापेक्षा वाड्याचं नाव महत्त्वाचं असतं, म्हणून घर क्रमांकामागोमाग वाडा येऊ द्या आणि त्यानंतर ओळखीची खूण: देऊळ, शाळा, पंचायत. पिनकोड शेवटी. डिचोलीचा 403504, फोंड्याचा 403401, म्हापशाचा 403507. नकाशाची लिंक पत्त्यातच चिकटवू नका, तिला वेगळा शॉर्टकट द्या. कुरिअरच्या फॉर्ममध्ये लिंक चालत नाही आणि व्हॉट्सॲपवर पुष्कळदा नुसती लिंकच हवी असते.

शॉर्टकटची अक्षरं कशी निवडायची?

इथे थोडा विचार करा, कारण पुढचा सगळा त्रास किंवा सोय यावरच ठरते. अक्षरांचा तो जोड तुम्ही एरवी कधीही लिहीत नसाल, असा हवा. `add` असा शॉर्टकट केला तर add हा शब्द लिहायला गेलात की पत्ता येईल. `patta` तर नकोच, कारण आपण रोमन लिपीत मराठी लिहिताना तो शब्द रोज वापरतो.

पुष्कळ जण सगळ्या शॉर्टकटना सुरुवातीला एक ठरावीक अक्षर लावायला सांगतात आणि त्यासाठी x सुचवतात. गोव्यात x घेऊ नका. रोमी कोंकणीत श साठी x लिहितात, शेत हे तिथे xet होतं. तुमचे निम्मे निरोप शेजाऱ्यांना कोंकणीतून जात असतील तर x मध्ये येत राहील. मी q घेतो. मराठीत, कोंकणीत आणि इंग्रजीत q आला तर त्याच्यामागे जवळजवळ नेहमी u असतो, जसं Quepem. म्हणजे q नंतर u सोडून दुसरं अक्षर घेतलं की जागा मोकळी मिळते: `qpm` मराठी पत्ता, `qpe` इंग्रजी पत्ता, `qmap` नकाशा, `qbank` बँक, `qvim` विमानतळ.

कॉम्प्युटरवर अर्धविराम लावून `;pm` असंही करता येतं, कारण तिथे ती कळ हाताखाली असते. फोनवर मात्र अर्धविरामासाठी कीबोर्डचं दुसरं पान उघडावं लागतं. q दोन्हीकडे एकाच ठिकाणी सापडतो, म्हणून फोन आणि कॉम्प्युटर दोन्हींवर तीच अक्षरं ठेवता येतात.

मी देवनागरी कीबोर्डवरून लिहिते. मग q कुठून आणू?

आणू नका. देवनागरीत ळ वापरा. मराठीत ळ ने सुरू होणारा शब्द नाही, त्यामुळे ळप, ळव, ळब हे तुम्ही चुकूनही लिहिणार नाही. ळप म्हणजे पत्ता, ळव म्हणजे विमानतळ, ळब म्हणजे बँक. मराठी कीबोर्डवर ळ थेट मिळतो.

इंग्रजी अक्षरं टाइप करून देवनागरी उमटवणारा कीबोर्ड वापरत असाल तर शॉर्टकटवर फार भिस्त ठेवू नका. तो कीबोर्ड तुमची अक्षरं आधी मराठी शब्दांत बदलायला बघतो आणि शॉर्टकट मधल्या मध्ये हरवू शकतो. अशा वेळी थेट देवनागरी कीबोर्डवर जा, किंवा इंग्रजी कीबोर्डवर जाऊन `qpm` लिहा. येणारा मजकूर मराठीतच असतो. कीबोर्ड कोणत्या भाषेचा आहे याच्याशी त्याचं काही देणंघेणं नसतं.

अँड्रॉइड फोनवर कसं लावायचं?

बहुतेक फोनमध्ये गूगलचा Gboard असतो. कीबोर्ड उघडून त्याच्या सेटिंगमध्ये जा, मग `Dictionary > Personal dictionary`. तिथे भाषा विचारली जाते. q वाले शॉर्टकट इंग्रजीत किंवा सर्व भाषांसाठीच्या यादीत टाका, ळ वाले मराठीत. अधिकच्या खुणेवर बोट ठेवलं की दोन चौकटी येतात. वरच्या चौकटीत पूर्ण मजकूर आणि खालच्या चौकटीत शॉर्टकट.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर "माझं चालतच नाही" असं वाटेल. Gboard स्वतःहून मजकूर बदलत नाही. तुम्ही `qpm` लिहिलं की कीबोर्डच्या वरच्या पट्टीत पत्ता सुचवला जातो आणि त्यावर बोट टेकवावं लागतं. पट्टी दिसत नसेल तर सेटिंगमध्ये शब्द सुचवण्याची सोय बंद असते, ती चालू करा. पट्टी दिसते पण पत्ता येत नाही, तर शॉर्टकट दुसऱ्या भाषेच्या यादीत पडलेला असतो.

सॅमसंगच्या स्वतःच्या कीबोर्डमध्ये ही सोय `Text shortcuts` या नावाने आहे.

या चौकटी एका ओळीच्या असतात. पत्ता स्वल्पविराम देऊन एकाच ओळीत लिहा. परिच्छेदांचं लांब उत्तर इथे कोंबू नका, त्याची जागा वेगळी आहे.

आणि आयफोनवर?

`Settings > General > Keyboard > Text Replacement`. अधिकची खूण दाबा, Phrase मध्ये मजकूर आणि Shortcut मध्ये अक्षरं भरा. इथे वागणं उलटं आहे: अक्षरांनंतर स्पेस दिला की मजकूर आपोआप येतो. नको असेल तर स्पेस देण्याआधी, सुचवलेला मजकूर दिसत असतानाच तो नाकारावा लागतो. मॅक असेल आणि दोन्हीकडे एकच आयक्लाउड खातं असेल, तर ही यादी मॅकवरही आपोआप पोचते.

लांब उत्तरं मग कुठे ठेवायची?

पाहुण्यांशी बोलणं व्हॉट्सॲपवर होत असेल तर WhatsApp Business घ्या. ते फुकट आहे. त्यात `Business tools > Quick replies` इथे उत्तरं साठवता येतात, पन्नासपर्यंत. बोलणं चालू असताना `/` टाइप केलं की यादी उघडते, हवं ते निवडलं की मजकूर लिहायच्या चौकटीत येतो. लगेच जात नाही, पाठवण्याआधी त्यात बदल करता येतो. ओळी आणि परिच्छेद जसेच्या तसे राहतात.

म्हणून वाटणी अशी ठेवा: एका ओळीचं सगळं कीबोर्डमध्ये, कारण ते बँकेच्या फॉर्मपासून ईमेलपर्यंत कुठेही चालतं. परिच्छेदांचं सगळं Quick replies मध्ये.

विमानतळाचं उत्तर कसं लिहावं? पाहुणे तरीही परत विचारतात.

परत विचारतात, कारण उत्तरात पहिली गोष्टच सुटलेली असते. गोव्यात दोन विमानतळ आहेत आणि पुण्या-मुंबईच्या पुष्कळ लोकांना आपलं विमान कुठे उतरतंय हे तिकीट नीट वाचेपर्यंत कळत नाही. मोपा उत्तरेला पेडणे तालुक्यात, दाबोळी दक्षिणेला वास्कोजवळ. डिचोलीला येणाऱ्या माणसासाठी यात मोठा फरक आहे. "विमानतळावरून टॅक्सी मिळते" एवढंच लिहिलं तर पुढे चार प्रश्न येणारच.

बहिणीसाठी आम्ही लिहिलेलं उत्तर हे:

```
तिकिटावर GOX आहे की GOI, ते आधी पाहा.

GOX म्हणजे मोपा. आमच्या घराला हाच जवळ.
GOI म्हणजे दाबोळी. इथून लांब पडतं, त्यामुळे
टॅक्सीचं भाडं जास्त होईल.

रेल्वेने येणार असाल तर थिवी स्टेशनला उतरा,
मडगावला नको.

तुमची वेळ कळवा, म्हणजे गाडीचं सांगून ठेवते.
```

यात टॅक्सीचं भाडं आकड्यात दिलेलं नाही, हे पाहा. आकडा दिला की तो बदलतो, आणि पाहुणा जुना निरोप दाखवून भांडतो. खोलीच्या दराचंही तेच. नाताळ-नववर्षाचा दर आणि पावसाळ्यातला दर एक नसतो. दर शॉर्टकटमध्ये ठेवू नका, दर वेळी हाताने लिहा. जे वर्षभर बदलत नाही तेच साठवा. चवथीच्या निरोपातही तारीख घालू नका, ती दर वर्षी हलते.

असं ठोकळेबाज उत्तर पाहुण्याला तुटक वाटत नाही?

वाटतं, जर "नमस्कार"पासून "धन्यवाद"पर्यंत सगळंच साठवलेलं असेल तर. म्हणूनच वरच्या उत्तरात नमस्कार नाही. पहिली ओळ हाताने लिहा: "नमस्कार काका, बाळाला घेऊन येताय तर दुपारचं विमान बरं पडेल." त्याखाली साठवलेला मजकूर. समोरच्या माणसाने जे विचारलं त्याला उत्तर पहिल्या ओळीत मिळतं, आणि वाट-पत्त्याची माहिती कोणाला दिली तरी तीच असते.

कॉम्प्युटरवर काय वापरू?

फक्त ईमेलसाठी हवं असेल तर जीमेलच्या टेम्प्लेट्स पुरतात. ब्राउझरमध्ये जीमेल उघडा, सेटिंगमध्ये `See all settings > Advanced` इथे `Templates` चालू करा आणि बदल सेव्ह करा. मग नवीन ईमेल लिहा, खालच्या तीन ठिपक्यांतून तो टेम्प्लेट म्हणून साठवा. पुढच्या वेळी तिथूनच घाला. साठवताना ईमेलच्या शेवटची तुमची सही काढून टाका, नाहीतर ती दोनदा जाते.

ईमेल, एक्सेल, बुकिंगची साइट असं सगळीकडे हवं असेल तर `Espanso` हा प्रोग्राम घ्या. फुकट आहे, मुक्त स्रोताचा आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. त्याचे शॉर्टकट एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात, तिचं नाव `base.yml`. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये किंवा मॅक-लिनक्सच्या टर्मिनलमध्ये `espanso edit` ही आज्ञा दिली की ती उघडते. तिच्यात असं लिहायचं:

```
matches:
  - trigger: "qpm"
    word: true
    force_mode: clipboard
    replace: |-
      घर क्र. ___, देऊळवाडा, पंचायतीजवळ,
      ता. डिचोली, गोवा 403504
```

यातली प्रत्येक ओळ कामाची आहे. `word: true` मुळे `qpm` सुटा शब्द असेल तरच मजकूर येतो, दुसऱ्या शब्दाच्या पोटात असेल तर नाही. `|-` मुळे मजकूर एकाहून जास्त ओळींचा ठेवता येतो आणि शेवटी जादा ओळ येत नाही. `force_mode: clipboard` मुळे मजकूर एका दमात पेस्ट होतो. हे नसेल तर छोटा मजकूर कळा दाबल्यासारखा एकेक अक्षराने उमटतो, आणि चॅटच्या चौकटीत ओळ बदलताना एंटर दाबल्यासारखं होऊन अर्धा पत्ता पाहुण्याकडे निघून जाऊ शकतो.

या फाइलमध्ये पुढची रिकामी जागा स्पेसनेच सोडा, टॅबने नको. टॅब आला तर फाइल वाचली जात नाही. काल चालणारे सगळे शॉर्टकट आज एकदम बंद पडले असतील, तर सर्वांत आधी हेच तपासा: शेवटचा बदल केला तिथे टॅब किंवा एखादी चुकलेली स्पेस असते.

तारखा दर वेळी वेगळ्या असतात. त्या कशा घालू?

Espanso मध्ये रिकाम्या जागा ठेवता येतात. `replace` ऐवजी `form` लिहायचं आणि बदलणारा भाग दुहेरी चौकोनी कंसात:

```
  - trigger: "qbuk"
    word: true
    form: |-
      [[pasun]] ते [[paryant]] तुमच्यासाठी खोली ठेवली आहे.
      आगाऊ रक्कम रु. [[rakkam]] भरल्यावर बुकिंग पक्कं होईल.
```

`qbuk` लिहून स्पेस दिला की छोटी खिडकी उघडते, त्यात तिन्ही गोष्टी भरायच्या. कंसातली नावं रोमन अक्षरांतच ठेवा. फोनच्या कीबोर्डमध्ये अशी सोय नाही. तिथे मी बदलणाऱ्या जागी `___` ठेवायला सांगतो. रिकामी रेघ डोळ्यांत भरते. जुनी तारीख मात्र न बघता तशीच पाठवली जाते.

बँकेचे तपशील शॉर्टकटमध्ये ठेवणं सुरक्षित आहे का?

खाते क्रमांक, आयएफएससी आणि यूपीआय आयडी तुम्ही तसेही पाहुण्यांना देताच, ते ठेवायला हरकत नाही. इथली काळजी वेगळी आहे: एक आकडा चुकला तर तीच चूक प्रत्येक पाहुण्याकडे जाते. आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार इंग्रजी अक्षरं, आणि पाचवं नेहमी शून्य. ते शून्य पुष्कळदा इंग्रजी O म्हणून टाइप केलेलं सापडतं. डोळ्यांना फरक दिसत नाही, बँकेला मात्र दिसतो.

म्हणून हा शॉर्टकट तयार झाला की घरातल्या दुसऱ्या कोणालातरी पाठवा आणि त्यातूनच कॉपी करून एक रुपया भरायला सांगा. रुपया खात्यात आला आणि भरणाऱ्याला नाव बरोबर दिसलं, की मगच तो पाहुण्यांसाठी वापरा. खाते क्रमांकात मध्ये स्पेस सोडू नका. वाचायला बरं वाटतं, पण काही ॲप्समध्ये पेस्ट होत नाही.

पासवर्ड, पिन आणि आधार क्रमांक मात्र कधीच साठवू नका. हा सगळा मजकूर कुलूप नसलेल्या साध्या यादीत असतो. फोन ज्याच्या हातात तो उघडून वाचू शकतो. पाहुण्यांच्या ओळखपत्राचे तपशीलही इथे नकोत.

भलत्याच ठिकाणी मजकूर आला तर?

Espanso मध्ये लगेच बॅकस्पेस दाबा, मूळ अक्षरं परत येतात. हे आठवड्यातून एखाद्या वेळेपेक्षा जास्त होत असेल तर शॉर्टकटची अक्षरंच बदला.

काही ठिकाणी शॉर्टकट चालतच नाही. बिघाड आहे का?

बहुधा नाही. फोनवर पासवर्डच्या चौकटीत तो मुद्दाम चालू दिला जात नाही. काही सरकारी आणि बँकेच्या फॉर्ममध्ये पेस्ट करणं बंद असतं, तिथे पेस्ट करून येणारा मजकूरही अडतो. अशा जागी `force_mode` ची ओळ नसलेला दुसरा शॉर्टकट करून पाहता येतो, पण एका फॉर्मपुरती ती खटपट करण्यापेक्षा हाताने लिहिणं लवकर होतं.

घरात दोघं जण उत्तरं देतो. दोघांची यादी एकसारखी कशी ठेवायची?

फोनचे कीबोर्ड दोन माणसांत यादी वाटून घेत नाहीत. एका शेअर केलेल्या नोटमध्ये सगळे मजकूर ठेवा, समोर शॉर्टकट आणि शेवटचा बदल केल्याची तारीख लिहा. बदल आधी नोटमध्ये करायचा, मग दोघांनी आपापल्या फोनमध्ये. नवीन फोन घेतला तरी हीच नोट कामाला येते, अर्ध्या तासात सगळं परत भरून होतं.

नोट पावसाळा संपताना एकदा वाचून काढा, हंगाम सुरू व्हायच्या आधी. फोन नंबर बदललेला असतो, खुणेचं दुकान बंद झालेलं असतं, गाडीवाला दुसरा असतो. बहिणीने गेल्या वेळी वाचली तेव्हा पत्त्यात खूण म्हणून दिलेलं वडाचं झाड पावसात पडून गेलं होतं. आता तिथे पंचायत लिहिली आहे.